धाकट्या मारुती गल्लीतील पाच आठवडे न उचललेल्या कचऱ्याबाबत अर्ज

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपालिका कार्यालय,
जिल्हा बेळगाव

अर्जदार : धाकटी मारुती गल्ली, वॉर्ड क्र. ९ मधील घर क्र. ९७ ते १३७ चे रहिवासी

विषय : घर क्र. ९६ च्या पुढे घंटागाडी येत नसल्याने तीन ठिकाणी साठलेला कचरा उचलणे आणि रोजची फेरी पुन्हा सुरू करणे

महोदय,

याच तक्रारीचा अर्ज आम्ही २१ जुलै रोजी दिला होता. त्यात ‘मारुती गल्लीत कचरा साठला आहे, तो उचलावा’ एवढेच लिहिले होते. त्यानुसार २४ जुलैला आपले कामगार आले, पण ते थोरल्या मारुती गल्लीत गेले आणि तिथला कोपरा झाडून परतले. शहरात या नावाच्या दोन गल्ल्या आहेत, हे अर्जात स्पष्ट करायला हवे होते. ती चूक आमची. म्हणून काल रविवारी संध्याकाळी मंदिरासमोर जमून, टेप घेऊन, प्रत्येक ठिकाण पाहून हा दुसरा अर्ज लिहिला आहे.

आमची गल्ली पूर्वेला मारुती मंदिरापासून सुरू होऊन पश्चिमेला नाल्याच्या मोरीवर संपते. नळाच्या नव्या पाइपसाठी ७ जुलै रोजी घर क्र. ९६ समोर रस्ता आडवा खणला गेला. पाइप घालून झाला, चरावर माती लोटली, पण पावसाने ती खचली आहे. आता तिथे सव्वा फूट खोल आणि तीन फूट रुंद खड्डा आहे. घंटागाडी तिथवर येते आणि मागे फिरते. समोर राहणाऱ्या एका आजींनी गाडी आली त्या दिवसांवर कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत. ७ जुलै ते १० ऑगस्ट या पस्तीस दिवसांत अशा सहाच खुणा आहेत, आणि सहाही वेळा गाडी खड्ड्याच्या पुढे आलेली नाही. म्हणजे पलीकडच्या ४१ घरांचा कचरा पाच आठवडे घंटागाडीत पडलेलाच नाही. चालक बिचारे काय करणार? भरलेली गाडी त्या खड्ड्यात घालणे शक्य नाही, हे आम्हालाही दिसते.

सर्वांत वाईट स्थिती अंगणवाडीजवळ आहे. घर क्र. १०९ च्या समोर, रस्त्याच्या दक्षिण बाजूला, अंगणवाडीच्या कंपाउंडला लागून हेस्कॉमचा विजेचा खांब आहे. त्या खांबापासून फाटकापर्यंत चौदा फूट लांब आणि गुडघाभर उंच ढीग झाला आहे. बावीस मुले रोज त्याला वळसा घालून आत जातात. मधल्या सुट्टीच्या वेळी कुत्री आणि डुकरे ढीग उकरतात, म्हणून सेविकाताई फाटक लावून मुलांना आतच बसवतात. ढिगात नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकचे डबे आणि दोन जुने टायर आहेत व त्यांत पावसाचे पाणी साचले आहे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने डेंग्यूला साथरोग जाहीर करून घर-अंगणात डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंड ठरवला. तेव्हापासून आम्ही घरातल्या टाक्या झाकतो, बॅरल घासतो. पण फाटकापाशीच पाणी साचून राहणार असेल, तर त्या झाकणांचा उपयोग किती?

दुसरे ठिकाण घर क्र. १३१ आणि १३२ यांच्यामधला बोळ. पिठाच्या गिरणीच्या मागे हा पाच फुटी बोळ आहे. तिथे कोणतीच गाडी शिरत नाही, ढकलगाडीच लागेल.

तिसरे ठिकाण नाल्यावरची मोरी. बोळातून वाहून आलेला कचरा मोरीच्या तोंडाशी अडकला आहे. २६ जुलैच्या पावसात नाल्याचे पाणी रस्त्यावर चढून घर क्र. १३५, १३६ आणि १३७ च्या उंबऱ्यापर्यंत आले. या तिन्ही घरांत म्हातारी माणसे आहेत. रात्री दीड वाजता त्यांना शेजाऱ्यांकडे न्यावे लागले.

आमची मागणी अशी :

अंगणवाडीसमोरचा ढीग गुरुवार, १४ ऑगस्टपर्यंत उचलावा. १५ ऑगस्टला सकाळी त्याच फाटकातून मुले झेंडावंदनाला जाणार आहेत. ढीग उचलल्यावर तिथे जंतुनाशक पावडर टाकावी.

बोळ आणि मोरी शुक्रवार, २२ ऑगस्टपर्यंत साफ करावी. गणेश चतुर्थी २७ तारखेला आहे आणि गल्लीचा मांडव मोरीपासून जेमतेम साठ फुटांवर उभा राहतो. मोरीतून काढलेला गाळ काठावरच न ठेवता त्याच दिवशी न्यावा. नाहीतर पुढच्या पावसात तो पुन्हा आत जातो, हे दर वर्षी पाहिले आहे.

चर पक्का बुजेपर्यंत लहान घंटागाडी शाळेच्या रस्त्याने, नाल्याच्या बाजूने आत पाठवावी. त्या बाजूने रस्ता साडेनऊ फूट रुंद आहे आणि घर क्र. १३७ पासून ९७ पर्यंत अडथळा नाही. गाडी रोज सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान यावी. त्यानंतर बहुतेक घरांतली माणसे कामावर जातात आणि कचरा दारातच राहतो. चर बुजवण्याचे काम ज्या विभागाकडे असेल, त्यांना आपण लेखी कळवून त्याची प्रत आम्हाला द्यावी.

रस्ते आणि गटारी स्वच्छ ठेवणे हे कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४ नुसार नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरोघरी कचरा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर दिली आहे. त्याच नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली आहे. ती सगळ्यांनी पाळली असे आम्ही म्हणणार नाही. गाडी बंद झाल्यावर काहींनी रात्री अंगणवाडीजवळ पिशव्या टाकल्या, हे खरे आहे. कालच्या बैठकीत ठरले आहे की यापुढे तिथे कुणी कचरा टाकणार नाही. ढीग निघाला की गल्लीतील तरुण आळीपाळीने पहाटे आणि रात्री तिथे लक्ष ठेवतील व त्या जागी तुळशी आणि जास्वंदीच्या कुंड्या ठेवतील. पौरकार्मिकांना हातमोजे घालूनही त्या ढिगात हात घालणे सोपे नाही. काचा आणि ब्लेड दिसतील तेवढी आम्ही आधीच वेगळी काढून, कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून ठेवू.

जागा पाहायला आपले आरोग्य निरीक्षक किंवा मुकादम येणार असतील, तर घर क्र. ११८ येथे, पिठाच्या गिरणीसमोर, कधीही विचारावे. तिथे दिवसभर कोणीतरी असते आणि तिन्ही ठिकाणे दाखवायला सोबत येईल. काम कोणत्या तारखेला होईल ते मंदिराच्या फलकावर लावण्यासाठी लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
धाकटी मारुती गल्ली, वॉर्ड क्र. ९ चे रहिवासी
(४१ घरांच्या सह्या व दूरध्वनी क्रमांक स्वतंत्र कागदावर)

सोबत : अर्जाची कन्नड प्रत, २१ जुलैच्या अर्जाच्या पोचपावतीची प्रत, तिन्ही ठिकाणांचे फोटो, मागे तारीख व घर क्रमांक लिहून, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, कॅलेंडरच्या जुलै व ऑगस्टच्या पानांची प्रत.

प्रत माहितीसाठी : आरोग्य निरीक्षक, वॉर्ड क्र. ९ चे नगरसेवक, अंगणवाडी सेविका