इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास : प्रश्नपत्रिकेतल्या सूचना, नव्याने लिहिलेल्या

तिसरीच्या तिन्ही तुकड्यांच्या वर्गशिक्षकांसाठी

मागचे पेपर तपासताना एक कोरा कागद शेजारी ठेवला होता. उत्तर येत असूनही ज्याचे गुण गेले, त्याचं कारण त्यावर टिपत गेले. 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात एका मुलीने चारही वाक्यांपुढे 'ते' लिहिलंय, तेही गोल, सुवाच्य अक्षरात. 'कारणे लिहा'मध्ये दोघांनी वाक्य उतरवून पुढे 'कारण' एवढाच शब्द लिहिला. 'गटात न बसणारा शब्द ओळखा' वाचून शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, गड बसतात व्हय?" त्याला उत्तर येत होतं. आपण 'ओळखा' म्हटलं, त्याने ओळखलं. लिहायला कुठे सांगितलं होतं?

प्रश्न आणि 30 गुण तेच आहेत, सूचना तेवढ्या बदलल्या आहेत. मुलांसमोर जसं छापलं जाईल तसंच खाली दिलंय. कंसातला मजकूर फक्त आपल्यासाठी.

पेपरच्या सुरुवातीला
सगळी उत्तरे याच कागदावर लिहा. जिथे 'नमुना' लिहिले आहे, ते उत्तर आम्ही सोडवून दाखवले आहे. ते पुन्हा लिहू नका.

प्र. 1. (5 गुण) प्रत्येक वाक्यात एक शब्द गाळला आहे. तो शब्द चौकटीत शोधा आणि रेघेवर लिहा. एक शब्द एकदाच वापरा.
नमुना : कोल्हापूर शहर पंचगंगा नदीच्या काठी आहे.
(चौकटीत पाचच शब्द. सहावा फसवा शब्द घालायचा मोह आवरावा.)

प्र. 2. (4 गुण) प्रत्येक ओळीत चार नावे आहेत. तीन नावे एकाच प्रकारची आहेत. एक नाव वेगळ्या प्रकारचे आहे. त्या वेगळ्या नावाभोवती गोल काढा.
नमुना : पन्हाळा, विशाळगड, रंकाळा, भुदरगड. यात 'रंकाळा'भोवती गोल काढायचा. तो तलाव आहे, बाकीचे तीन किल्ले आहेत.

प्र. 3. (4 गुण) डावीकडच्या शब्दाची जोडी उजवीकडे आहे. दोघांना जोडणारी एक रेघ ओढा. शब्द पुन्हा लिहू नका.
नमुना : नृसिंहवाडी —— कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम
(रेघ वाकडी आली म्हणून गुण कापायचे नाहीत.)

प्र. 4. (4 गुण) वाक्य वाचा. ते खरे असेल तर पुढच्या चौकटीत ✓ करा. खोटे असेल तर ✗ करा.
नमुना 1 : राधानगरी धरण भोगावती नदीवर आहे. ✓
नमुना 2 : पन्हाळा हा तलाव आहे. ✗
(इथे सूचनेपेक्षा वाक्यांनीच जास्त घोळ घातला होता. 'गगनबावड्यात पाऊस कमी पडत नाही' हे वाक्य खरं आहे, पण धो धो पाऊस डोळ्यांसमोर असलेलं मूल 'नाही' शब्दावर अडखळतं आणि फुली मारून मोकळं होतं. आता तिथे 'गगनबावड्यात खूप पाऊस पडतो' असं आहे. चारही वाक्यांतला नकार काढलाय.)

प्र. 5. (6 गुण) खाली तीन प्रश्न आहेत. तिन्ही सोडवा. प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.
नमुना : राजर्षी शाहू महाराजांची जयंती कधी असते?
उत्तर : राजर्षी शाहू महाराजांची जयंती 26 जूनला असते.
(आधी 'कोणतेही तीन' होतं आणि प्रश्न चार. हुशार मुलांनी चारही लिहिले आणि नकाशाला वेळच उरला नाही. नुसतं '26 जून'सारखं उत्तर आलं तर दोनपैकी एक गुण द्यावा. तिन्ही तुकड्यांत सारखंच.)

प्र. 6. (4 गुण) वाक्य अर्धे दिले आहे. 'कारण' या शब्दाच्या पुढे लिहून ते पूर्ण करा.
नमुना : उन्हाळ्यात आपण सुती कपडे घालतो, कारण ते घाम शोषून घेतात.

प्र. 7. (3 गुण) हा आपल्या जिल्ह्याचा नकाशा आहे. यात तीन कामे करा.
पहिले काम : करवीर तालुका शोधून हिरव्या रंगाने रंगवा.
दुसरे काम : पंचगंगा नदी तुटक रेघेने दाखवली आहे. त्या रेघेवरून निळी रेघ ओढा.
तिसरे काम : कागल तालुका शोधून त्यात 'कागल' असे लिहा.
(आधीची सूचना होती 'नकाशा भरा'. एकाने अख्खा जिल्हा गुलाबी केला. रंगपेटी नसलेल्यांसाठी प्रत्येक वर्गात दोन-तीन हिरव्या-निळ्या पेन्सिली ठेवा.)

छपाई शुक्रवारी आहे. त्याआधी दुसरीतल्या एखाद्या मुलाला हा कागद वाचायला द्या आणि काही न समजावता विचारा, "काय करायचंय सांग." तो जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करून गुरुवारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे द्या.