गट नं. २१४ (तालुका वाई) : राहिलेल्या कागदांसंबंधी

पुणे,
दि. १२ जानेवारी २०२६

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार. आपल्याला आणि काकूंना संक्रांतीच्या मनापासून शुभेच्छा.

आपण दिलेली फाइल आमच्या वकीलसाहेबांनी संपूर्ण वाचली. सातबारा, आठ-अ, आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद आणि पुढचे फेरफार सगळे क्रमाने लावलेले आहेत, त्यामुळे काम सोपं झालं, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. व्यवहार ठरल्याप्रमाणेच पुरा करायचा आहे. किंमत, २२ डिसेंबरला दिलेला विसार आणि २० फेब्रुवारीची मुदत यांतलं काहीही मला बदलायचं नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना आपल्या मनात किंतू येणार नाही.

सर्च रिपोर्ट पुरा करायला काही कागद अजून हवे आहेत. सातबारा हा महसुली उतारा असल्याने मालकी कुणाकडून कुणाकडे आली हे मूळ दस्तांवरून दाखवावं लागतं. पुढे ठिबकसाठी मी बँकेकडे गेलो, तर बँकेचा वकील हेच कागद माझ्याकडे मागेल. तेव्हा आपल्याला पुन्हा त्रास देण्यापेक्षा आत्ताच एकदा विचारावं, असं वाटलं.

पहिला कागद आपल्या वडिलांच्या नावाचं १९६८ चं खरेदीखत. त्याचा उल्लेख फेरफारात आहे, मूळ दस्त फाइलमध्ये नाही. जुन्या पेटीत किंवा ठाण्याच्या भाऊसाहेबांकडे असेल तर उत्तमच. नसला तरी अडत नाही. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून कुणालाही मिळते. मी माझ्या खर्चाने काढून घेतो. फक्त दस्त कुणी लिहून दिला होता आणि महिना साधारण कोणता होता, एवढं आठवत असेल तर कळवा. त्या काळातले इंडेक्स हाताने लिहिलेले आहेत. नाव माहीत असलं की शोध लवकर लागतो.

याच दस्ताला जोडून एकत्रीकरण योजनेचा उतारा लागेल. १९६८ मध्ये जमिनीला सर्व्हे नंबर होता, आज गट नंबर आहे. जुना नंबर म्हणजेच आजचा २१४, हे त्या उताऱ्यावरून जुळतं. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज मीच करतो. तिथे कुणी आपलं नाव विचारलं तर अडचण नको, म्हणून आपल्या सहीचं एक साधं अधिकारपत्र सोबत टाईप करून पाठवलं आहे. त्यात फक्त या गटाच्या नकला मिळवण्यापुरता अधिकार आहे. जमिनीविषयी दुसरा कसलाही अधिकार त्यात नाही. वाचून योग्य वाटलं तर सही करा, शब्द बदलायचे असतील तर बदला.

आता जरा नाजूक विषय, आणि तो आडून विचारण्यापेक्षा सरळ लिहितो. १९९७ च्या वारस नोंदीत आपल्या मातोश्री, आपण दोघे भाऊ आणि दोन्ही ताई, अशी पाच नावं लागली. पुढे फेरफार नं. १८७३ ने ताईंची नावं कमी झाली आणि कारण ‘हक्कसोड’ असं लिहिलं आहे. पण वकीलसाहेबांना नोंदणीकृत हक्कसोडपत्र इंडेक्समध्ये सापडलं नाही. त्या काळी बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब दिला आणि नावं कमी झाली, असं कितीतरी घरांत झालेलं आहे, आणि ते सगळं एकमेकांवरच्या विश्वासाने झालेलं आहे. आपल्याकडेही तसंच झालं असेल तर त्यात कुणाचं काही चुकलं असं मी मुळीच समजत नाही. अडचण एवढीच, की जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली होती, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच येतो. तो वाटा नोंदणीकृत दस्ताशिवाय सुटत नाही, केवळ फेरफाराने तर नाहीच.

तेव्हा हक्कसोडपत्र नोंदलेलं असेल तर त्याची झेरॉक्स किंवा नुसता दस्त नंबर द्या, विषय तिथेच मिटला. नसेल तर दोन्ही ताईंनी खरेदीखतावर संमती देणार म्हणून सही करावी, हा वकीलसाहेबांनी सुचवलेला सोपा मार्ग आहे. खरेदीच्या दिवशी कराडहून आणि साताऱ्याहून त्यांना आणण्या-पोचवण्याची गाडी माझी. त्यांना मसुदा आधी वाचायचा असेल, स्वतःच्या वकिलाला दाखवायचा असेल, तर जरूर दाखवावा. मला ते आवडेल. मात्र ही गोष्ट त्यांच्या कानावर आपणच घालावी, अशी विनंती आहे. परक्या माणसाने फोन करून बहिणींना हक्काचं विचारणं मला बरं वाटत नाही, आणि आपण होकार दिल्याशिवाय मी किंवा वकीलसाहेब त्यांच्याशी बोलणार नाही.

शेवटचं काम लहान आहे. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा अजून दिसतो. कर्ज केव्हाच फेडलं, हे आपण सांगितलंत आणि माझा त्यावर विश्वास आहे. सोसायटीच्या सचिवांकडून बेबाकी दाखला मिळाला की तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज देता येईल. तिथे हेलपाटे पडणार असतील तर मी सोबत येतो.

मोजणीचा अर्ज मात्र आपल्याच नावाने करावा लागेल. फी मी भरतो. विहिरीतला तिसरा हिस्सा आणि ओढ्याकडची वाट हेही मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांसमक्ष दाखवून घेऊ.

तारखांचा हिशेब असा मनात आहे. शनिवार, २४ जानेवारीपर्यंत आपल्या हातात जे असेल तेवढं मिळालं, तरी त्यानंतर लगेच वर्तमानपत्रात १४ दिवसांची जाहीर नोटीस देता येईल. सगळं एकदम जमवायची वाट पाहू नका, जसजसं सापडेल तसतसे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. दरम्यान वकीलसाहेब खरेदीखताचा मसुदा तयार ठेवतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुटी आहे, म्हणून नोंदणीसाठी बुधवार, १८ तारीख धरू. भाऊसाहेबांनाही तीच तारीख कळवावी. एखादी नक्कल सरकारी कार्यालयातूनच उशिरा मिळाली, तर दोघांच्या सहीने मुदत लेखी वाढवून घेऊ. त्यासाठी मी विसार परत मागणार नाही आणि किमतीतही काही मागणार नाही.

माझ्या बाजूचे कागदही आपण पाहायला हवेत. मी शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून खटाव तालुक्यातील आमच्या जमिनीचा चालू सातबारा जोडला आहे. आपल्या वकिलांना आणखी काही हवं असेल तर निःसंकोच मागावं.

गुरुवारी संध्याकाळी सातनंतर फोन करतो. एखाद्या मुद्द्यावर समोरासमोर बोलणं बरं वाटलं, तर रविवारी वाईला येईन.

काकूंना नमस्कार.

आपला,
समीर

सोबत : अधिकारपत्राचा मसुदा, फेरफार नं. १८७३ ची प्रत, माझा सातबारा