बैलहोंगलला जन्मलेल्या नातीस पत्र

॥ श्री ॥

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळीस,
आज्जीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव अजून ठेवायचंय, म्हणून बाळीच लिहिते. परवा पाचवीला मी बैलहोंगलला आले होते. पाटावर सटवाईची पूजा मांडली, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. तिनं काय लिहिलं ते तिचं तिला ठाऊक. घरी आल्यावर मला वाटलं, आपल्या घरानं तुला काय द्यायचं ते मी लिहून ठेवावं. तुला वाचता येईल तेव्हा वाच. तोवर बाबा वाचून दाखवेल.

तू आलीस, फार बरं झालं बघ. फोन आला तेव्हा आम्ही शेतात भात कापत होतो. तुझे आज्जे विळा बांधावर ठेवून तसेच बेळगावला गेले आणि कुंदा घेऊन आले. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर दुसरं काहीतरी, असं आपल्या घरात करत नाहीत. कापणीच्या बायकांना पहिल्यांदा दिला, मग गल्लीत वाटला.

तुझ्या आईबाबांनी तुझी फार वाट बघितलीय. माझं माहेर नंदगडचं. तिथं संगोळ्ळी रायण्णाची समाधी आणि वडाचं झाड आहे. मूल व्हावं म्हणून लोक त्या वडाला लाकडी पाळणे बांधतात. एकदा तुझी बैलहोंगलची आज्जी मला म्हणाली, "विहीणबाई, आपण दोघी जाऊन येऊया." त्यांचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून मोडकं. खानापुरात बस बदलली आणि गेलो. त्यांनी पिशवीतून वीतभर पाळणा काढला. कडेला हळदकुंकू लावलेलं, आत खणाचा तुकडा अंथरलेला. त्यांचा हात फांदीला पोचेना, म्हणून मी फांदी खाली ओढून धरली आणि त्यांनी गाठ मारली. मी नवस-सायास करणारी बाई नाही. पण त्या दिवशी मीही हात जोडले.

त्या जागेची गोष्ट तुझी आहे, म्हणून सांगते. कित्तूरच्या राणी चन्नम्मानं 1824 साली कंपनी सरकारच्या फौजेला पाणी पाजलं. पुढं ती पकडली गेली आणि 1829 साली बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच वारली. तिची समाधी तुझ्या आजोळच्या गावात आहे. रायण्णा तिचाच माणूस. तिच्यामागं तो लढत राहिला आणि 1831 साली त्याला नंदगडला फाशी दिलं. राणीची समाधी तुझ्या आईच्या गावात, तिच्या शिलेदाराची माझ्या माहेरात, आणि आपल्या येळ्ळूरच्या माथ्यावर राजहंसगड. बाळी, तू मोठी झालीस की कुणीतरी विचारेल, तुम्ही यांचे की त्यांचे? तेव्हा ही तिन्ही ठिकाणं सांग.

हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या भागात भाषेवरून माणसं दुखावलेली आहेत. 1956 साली राज्यं नव्यानं झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तुझे पणजोबा मोर्चाला जायचे, मराठीसाठी त्यांनी सोसलं. ते कमी लेखू नकोस. मराठी आपल्या देवघराची भाषा आहे, ओवीची आहे, मी तुला झोपवीन त्या अंगाईची आहे. ती तुला स्वच्छ लिहिता-वाचता आली पाहिजे, मग शाळा कुठलीही असो. पण त्याच पणजोबांच्या आजारपणात रोज रात्री उशाशी बसायला पलीकडच्या कन्नड घरातला माणूस यायचा. दोघं आपापल्या भाषेत बोलायचे आणि दोघांना कळायचं. भाषेपायी माणूस तोडायचा नाही, हे मी त्या खोलीत शिकले.

तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडं दोन्ही वेळा भात. तिला जोंधळ्याच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटेना, पण बोलेना. एके सकाळी मी उठले तर ती परातीत पीठ मळत बसलेली. ऊन पाण्यानं उकड काढलेली, भाकरी थापताना हात असा फिरत होता की काठाला एक चीर नाही. पापडासारखी पातळ. तुझे आज्जे तीन खाऊन उठले. तेव्हापासून आपल्या चुलीवर दोन्ही असतं. सुनेनं आपल्या घरासारखं व्हावं असं म्हणतात. मला ते पटत नाही. घरानंही थोडं सुनेसारखं व्हावं.

आता देण्याघेण्याचं. भात मळून झालं की पहिलं माप आपल्या घरात येत नाही. ज्यांनी कापलं, मळलं, त्यांचं आधी, मग गावदेवाचं, मग आपलं. पीक बुडालं त्या वर्षीसुद्धा हा क्रम मोडला नाही. दारात आलेल्याला "जेवलास काय?" हे आधी विचारायचं, काम काय ते नंतर.

आणि हे तर तू नीट ऐक. तुझ्या आज्ज्यांनी आपल्या दोन्ही बहिणींना जमिनीचा हिस्सा स्वतःहून दिला. कर्नाटकात 1994 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारा कायदा झाला, देशभर 2005 साली. पण कायदा असून भागत नाही. बहिणींना पाटावर बसवून, साडी देऊन, हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेणारे भाऊ मी पुष्कळ बघितले. लोक तुझ्या आज्ज्यांना म्हणाले, येडा हाय. ते गप्प तलाठ्याकडं गेले आणि उताऱ्यावर बहिणींची नावं चढवून आले. आज त्या दोघी सुगीला स्वतःच्या शेतावर येतात, भाऊबीजेला ओवाळतात, आणि तुझं नावही बाबाची ही थोरली आत्तीच ठेवणार आहे. तुझ्या वाटणीचं जे असेल ते तुला न मागता मिळेल. कुणी प्रेमानं सही मागितली तरी वाचल्याशिवाय करू नकोस, अगदी बाबानं मागितली तरी.

भांडी घासणं, गुरांना वैरण घालणं, बँकेत जाणं, यातलं काही बायकांचं आणि काही पुरुषांचं असं आमच्यात नाही. तुझा बाबा स्वयंपाक करतो. तूही शीक. ट्रॅक्टरही शीक, मला राहून गेलंय ते.

बारशाला आम्ही सगळे येतोय. दोन्ही आत्त्या, काका-काकू, शेजारची मंडळी, टेम्पो सांगितलाय. घुगऱ्या आम्ही करून आणू, विहीणबाईंना म्हणावं त्याची धावपळ करू नका. तुझं दुपटं मी माझ्या आणि तुझ्या पणजीच्या जुन्या लुगड्यांचं शिवलंय. नवं कापड तान्ह्या अंगाला टोचतं. डिंकाचे लाडू डब्यात आहेत, ते फक्त तुझ्या आईचे.

या पत्राबरोबर तांदळाच्या दोन पिशव्या पाठवतेय. लाल दोरीची जुन्या तांदळाची आहे, बाळंतिणीला तोच शिजवून घाला. पांढऱ्या दोरीची यंदाच्या नव्या भाताची, बाकीच्यांसाठी. नव्याला पाणी कमी लागतं, नाहीतर गिचका होईल.

तुझी,
येळ्ळूरची आज्जी