रेझ्युमे : मनीषा दत्तात्रय शेडगे, रुग्णालय प्रशासक

अर्ज केलेले पद : मुख्य प्रशासक, 300 खाटांचे ट्रस्ट रुग्णालय
सध्याचे वास्तव्य : सांगली
फोन आणि ई-मेल अर्जाच्या पहिल्या पानावर दिले आहेत. आजवरच्या संस्थांची नावे सोबतच्या अनुभव प्रमाणपत्रांवर आहेत.

थोडक्यात

सुरुवात आयसीयूतली स्टाफ नर्स म्हणून झाली. आता बारा वर्षे प्रशासनात आहे. वॉर्डातली कामे मी स्वतःच्या हातांनी केलेली आहेत. त्यामुळे डिस्चार्ज नेमका कुठे अडतो हे समजायला मला अहवालाची वाट पाहावी लागत नाही. गेली चार वर्षे सांगलीतल्या 180 खाटांच्या ट्रस्ट रुग्णालयाची प्रशासक आहे. परिचारिका, तंत्रज्ञ, बिलिंग, हाउसकीपिंग, सुरक्षा असे मिळून 410 कर्मचारी माझ्या अखत्यारीत आहेत.

खाटांचा वापर

खाली दिलेले आकडे मध्यरात्रीच्या गणनेवरून काढलेले आहेत. डायलिसिस आणि डे-केअरच्या खाटा त्यात धरलेल्या नाहीत. त्या धरल्या की टक्केवारी फुगते आणि निर्णय चुकतात. 2021-22 हे कोविडचे वर्ष असल्याने तुलनेला घेतलेले नाही.

- 2022-23 : उपलब्ध 65,700 खाट-दिवसांपैकी 41,391 वापरात, म्हणजे 63 टक्के. सरासरी मुक्काम 4.8 दिवस.
- 2024-25 : 48,620 वापरात, म्हणजे 74 टक्के. सरासरी मुक्काम 4.5 दिवस. वर्षातील भरती सुमारे 8,620 वरून 10,800 वर गेली.

एकही नवी खाट न घालता हे झाले. रोज सकाळी सव्वाआठला सिस्टर इन्चार्ज, आरएमओ, बिलिंग आणि हाउसकीपिंग उभ्या-उभ्या पंधरा मिनिटे भेटतात. आज कोण जाणार, आयसीयूतून कोण बाहेर येणार आणि कॅज्युअल्टीत कोण थांबले आहे, एवढेच तिथे बोलले जाते. रुग्ण घरी गेल्यापासून खाट पुन्हा तयार होईपर्यंत पूर्वी 95 मिनिटे लागत, आता 40 लागतात. ही वेळ वाचली ती कर्मचाऱ्यांना घाई करून नव्हे. खाट रिकामी झाल्याचा निरोप पूर्वी तीन जणांमार्फत जात असे, तो आता वॉर्डातून थेट हाउसकीपिंगच्या फोनवर जातो.

आयसीयूच्या 22 खाटा मी मुद्दाम वेगळ्या मोजते. तिथला वापर 85 टक्क्यांवर गेला की ठरलेली मोठी ऑपरेशन्स पुढे ढकलण्याबद्दल सर्जनशी त्याच दिवशी बोलते. आयसीयू शंभर टक्के भरला तर अपघाताच्या रुग्णाला दारातून परत पाठवावे लागते. विश्वस्त मंडळासमोरही मी हीच भूमिका मांडली आहे.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक प्रमाणे निर्धनांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के, म्हणजे आमच्याकडे 18 अधिक 18 खाटा राखीव आहेत. त्यांची रोजची स्थिती प्रवेशद्वारावरील फलकावर लावली जाते आणि निर्धन रुग्ण निधीचा हिशेब दर महिन्याला मंडळापुढे ठेवला जातो.

बिलिंग आणि डिस्चार्जचा वेळ

डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून रुग्ण गेटबाहेर पडेपर्यंतची सरासरी :

- रोख भरणारे रुग्ण : 3 तास 40 मिनिटांवरून 1 तास 35 मिनिटे
- कॅशलेस रुग्ण : 7 तास 10 मिनिटांवरून 3 तास 50 मिनिटे

विलंब बिलाच्या खिडकीवर होतो असे सगळ्यांना वाटत होते. मी 120 डिस्चार्जांची मिनिटवार नोंद ठेवली. सर्वांत जास्त वेळ डिस्चार्ज समरी लिहिण्यात आणि वॉर्डातून औषधे परत जाण्यात जात होता. मग समरीचा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार करायला आणि औषधांची परती रात्रपाळीतच पूर्ण करायला सुरुवात केली. रोज पाच वाजता नातेवाइकांच्या हाती अंतरिम बिल दिले जाते. शेवटच्या दिवशी खिडकीसमोर होणारे वाद त्यामुळे जवळजवळ थांबले.

विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाने डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली. त्यानंतर टीपीए डेस्कवर वेळेची नोंदवही सुरू केली आणि उशीर झाला की त्याच दिवशी लेखी पाठपुरावा होऊ लागला. दाव्याचे पैसे जमा होण्याचा सरासरी काळ 74 दिवसांवरून 41 वर आला आणि नाकारलेले दावे 9.2 टक्क्यांवरून 3.4 वर आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या प्री-ऑथ आणि क्लेमची कागदपत्रे आरोग्यमित्रांसोबत बसून तपासण्याची पद्धत मीच घालून दिली.

एनएबीएच मानांकन

नाशिकमधील 120 खाटांच्या रुग्णालयात 2018 साली एन्ट्री लेव्हल प्रमाणपत्रासाठी समन्वयक होते. सध्याच्या रुग्णालयाला पाचव्या आवृत्तीनुसार पूर्ण मानांकन 2023 मध्ये मिळाले. त्या आवृत्तीत 10 प्रकरणे आणि 651 वस्तुनिष्ठ घटक होते. पहिल्या अंतर्गत तपासणीत आमच्याकडे 47 त्रुटी निघाल्या. सर्वाधिक त्रुटी औषध व्यवस्थापनात होत्या : सारख्या नावांची औषधे शेजारी ठेवलेली, जोखमीच्या औषधांवर दुहेरी तपासणीची सही नाही.

या कामातला सर्वांत समाधानाचा भाग संमतिपत्रांचा. 31 संमतिपत्रे सोप्या मराठीत लिहून घेतली. भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सकांनी मजकूर तपासला, त्यानंतर तो वॉर्डातल्या नातेवाइकांना वाचून दाखवला. जिथे ते अडखळले, तिथे वाक्य बदलले. सहाव्या आवृत्तीनुसार फरकाची पडताळणी सध्या चालू आहे.

जैववैद्यकीय कचरा नियम 2016, पीसीपीएनडीटीचा फॉर्म एफ, एईआरबी नोंदणी, जानेवारी-जुलैचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र आणि नर्सिंग होम नोंदणी यांचे एकच कॅलेंडर केले आहे. गेल्या चार वर्षांत एकही नूतनीकरण उशिरा झालेले नाही.

विभागांमधील समन्वय

जुलै 2021 च्या महापुरात मला रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. कृष्णेचे पाणी वाढत असताना तळमजल्यावरील औषधसाठा, केस पेपर आणि सीएसएसडीचे निर्जंतुक संच एका रात्रीत पहिल्या मजल्यावर हलवले. शिपायांपासून वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत सगळे त्या साखळीत उभे होते. पुढे त्याच अनुभवावरून लेखी पूर आराखडा केला आणि रेकॉर्ड रूम कायमची वर नेली.

ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसाचे पहिले ऑपरेशन वेळेवर सुरू होण्याचे प्रमाण 38 टक्क्यांवरून 81 वर गेले. सर्जन, भूल, सीएसएसडी आणि रक्तपेढी यांची उद्याची यादी आदल्या दिवशी चार वाजता एकत्र पक्की होते.

ओपीडीतील थांबण्याचा वेळ मात्र अजून सरासरी 48 मिनिटे आहे. वेळा ठरवून दिल्या, तरी बाहेरगावचे रुग्ण एसटीच्या वेळेनुसार येतात. आता टोकनची रचना एसटीच्या वेळा धरून करते आहे.

अनुभव

- जून 2021 पासून : प्रशासक, ट्रस्ट रुग्णालय, सांगली (180 खाटा)
- 2017 ते 2021 : व्यवस्थापक, बिलिंग व गुणवत्ता, नाशिक (120 खाटा)
- 2013 ते 2017 : सहायक व्यवस्थापक, ऑपरेशन्स, पुणे (200 खाटा)
- 2008 ते 2011 : स्टाफ नर्स, आयसीयू, पुणे

शिक्षण

- हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनमधील पदव्युत्तर पदवी, टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबई, 2013
- बी.एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक, 2008

भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड बोलता येते.
रुजू होण्यासाठी लागणारा कालावधी : 60 दिवस. मानधनाबद्दल प्रत्यक्ष भेटीत बोलू. सध्याच्या वैद्यकीय संचालकांचे आणि विश्वस्तांचे संदर्भपत्र मुलाखतीच्या वेळी सादर करेन.

वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. आकड्यांचे मासिक तक्ते मागणी केल्यास दाखवता येतील.

मनीषा दत्तात्रय शेडगे
सांगली, 3 नोव्हेंबर 2025