पाठ नियोजन: बायनरी सर्च ट्री (डिप्लोमा संगणक, द्वितीय वर्ष, ९० मिनिटे)

पहिली १० मिनिटे: बायनरी ट्रीची तोंडी उजळणी.

पुढची ३५ फळ्यावर. ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० याच क्रमाने घालायचे. लहान डावीकडे, मोठा उजवीकडे. प्रत्येक आकड्याला नवा विद्यार्थी फळ्याशी. इथे घाई नको, पाया इथेच पक्का होतो. ४० शोधताना तुलना मोजून घ्याव्यात: तीन. इनऑर्डर वाचनातला चढता क्रम त्यांचा त्यांनाच दिसू द्यावा.

२५ मिनिटे नोड काढणे. पान आणि एक मूल सोपे. ५० काढल्यावर त्या जागी उजव्या भागातला सर्वांत लहान, म्हणजे ६०. ही आकृती वहीत दोनदा.

शेवटची २०: १०, २०, ३०, ४० ओळीने घालून झाडाची साखळी कशी होते ते पाहणे. गृहपाठ: सी भाषेत `insert` फंक्शन.