‘कोसला’ : दीर्घोत्तरी प्रश्नासाठी टिपण (एम.ए. मराठी, जळगाव येथील अभ्यासगटासाठी)

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखकाचा जन्म १९३८ चा, म्हणजे प्रकाशनाच्या वेळी त्यांचे वय पंचविशीचे होते आणि कादंबरीचा नायकही सुरुवातीलाच आपले वय तेवढेच सांगतो. नायक आणि लेखक दोघेही सांगवीचे, यावल तालुक्यातले, त्यामुळे आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला ही कादंबरी आत्मचरित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. उत्तरपत्रिकेत तो टाळावा. आत्मचरित्रात्मक सामग्री आहे एवढे एका वाक्यात नोंदवावे आणि पुढे ‘निवेदक पांडुरंग’ असाच उल्लेख करावा, कारण सांगवीकराची फजिती जो लिहितो आहे, तो तिच्यापासून काही अंतरावर उभा आहे आणि विनोद त्याच अंतरातून निर्माण होतो.

कथानक

कथानकावर परीक्षेत अर्ध्या पानापेक्षा अधिक जागा खर्च करू नये. सधन शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा पांडुरंग सांगवीहून पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो, वक्तृत्व मंडळ, मेस, गॅदरिंग अशा उपद्व्यापांत पडून पैसा आणि अभ्यास दोन्ही घालवतो. धाकटी बहीण मनी गावी देवीच्या रोगाने मरते. त्यानंतर तो हळूहळू सगळ्यांतून सुटत जातो, परीक्षेत अपयशी ठरतो, सांगवीला परततो आणि तिथल्या रिकाम्या तरुणांमध्ये, वडिलांच्या छत्राखाली राहू लागतो.

मनीचा मृत्यू

‘पांडुरंगाच्या व्यक्तिरेखेचा विकास स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर उत्तराचा कणा मनीच्या मृत्यूवर उभारावा. तोपर्यंतचा पांडुरंग पुण्यात स्वतःचे व्यक्तिमत्त्व बांधायला निघालेला आहे: मित्रांना चहा पाजणारा, पदे घेणारा, आपण कोणीतरी आहोत हे दाखवू पाहणारा. तो प्रत्येक वेळी फसतो आणि प्रत्येक वेळी त्याचे विनोदी वर्णन करतो. या भागातली थट्टा सुखी माणसाची नाही, पण ती अजून थट्टाच आहे. मनी गेल्यावर मात्र तीच भाषा उपयोगाची राहत नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, म्हणजे कादंबरीच्या काळात हा रोग खेड्यापाड्यांत जिवंत भीती होता. ही माहिती एका ओळीत दिल्यास मनीचा मृत्यू केवळ कथानकाची सोय म्हणून आलेला नाही, हे परीक्षकाला कळते. पांडुरंगाच्या दुःखात अपराधभाव आहे आणि घरच्यांवरचा, विशेषतः वडिलांवरचा, राग आहे. त्यामुळे शोक आणि बंड ही दोन सूत्रे वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडली की त्यांतला दुवा निसटतो. ती एकत्रच मांडावीत.

अजिंठ्याची सहल याच संदर्भात वाचावी. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावरची ही लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली आहेत, पण पांडुरंग तिथे बुद्धासमोर दुःखाच्या प्रश्नाला येऊन थांबतो. त्याला उत्तर मिळत नाही, हेच महत्त्वाचे. ‘अजिंठ्यात त्याला शांती लाभली’ असे वाक्य गेल्या वर्षीच्या काही टिपणांत फिरत होते, ते कादंबरीच्या विरुद्ध आहे.

वडील आणि मुलगा

वडिलांविषयी तिरस्कार, भीती आणि त्यांच्याच पैशावर जगण्याची लाज या तीन गोष्टी एकाच वेळी असतात. शेवटी पांडुरंग गावात परततो, तेव्हा हा समेट आहे की शरणागती, यावर दोन्ही बाजूंनी लिहिता येते. माझ्या मते तो समेट नाही. भांडण चालू ठेवण्याची ताकद संपलेली आहे आणि ती संपली हे त्याला कळते आहे. मात्र परीक्षेत आपले मत सांगण्यापूर्वी विरुद्ध वाचनाला दोन वाक्ये द्यावीत: गाव, नातीगोती आणि शेती हाच त्याचा खरा आधार असून पुण्याची वर्षे ही वाट चुकल्याची वर्षे होती, असे म्हणणाराही पुरावा कादंबरीतूनच काढू शकतो. नेमाड्यांनी पुढे मांडलेला देशीवाद या दुसऱ्या वाचनाला बळ देतो, पण तो विचार नंतरचा आहे, हे लिहायला विसरू नये.

आई, आजी, सुरेश बापट, इचलकरंजीकर या पात्रांचा स्वतंत्र विकास दाखवण्याची गरज नाही. ती सगळी पांडुरंगाच्या नजरेतून दिसतात.

भाषा आणि उद्धृते

सर्वांत जास्त गुण या भागात आहेत आणि विद्यार्थी नेमके इथेच सर्वसाधारण लिहून मोकळे होतात. पाठ करायचा उतारा सुरुवातीचा: ‘मी, पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे. खरं तर तुम्हांला वगैरे सांगण्यासारखं एवढंच.’ पहिल्या वाक्यात नाव ठामपणे येते. दुसऱ्यात वयासारखी निश्चित गोष्ट ‘उदाहरणार्थ’ या शब्दाने डळमळीत होते, जणू पंचवीस हे अनेक शक्यतांपैकी एक वय आहे. तिसऱ्यात ‘तुम्हांला वगैरे’ म्हणताना श्रोताही संशयास्पद ठरतो. सांगण्यासारखे एवढेच, असे म्हणणारा माणूस पुढे सबंध कादंबरी सांगतो, हा उपरोध नोंदवावा. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द लकब म्हणून मोजू नयेत. नेमके बोलावे अशी अपेक्षा असलेल्या समाजात नेमके काहीच हाती लागत नाही, हे पांडुरंग त्या शब्दांतून सांगतो.

दुसरे उद्धृत अर्पणपत्रिकेचे, ‘शंभरातील नव्याण्णवांस’. नायकाला असामान्य ठरवून उत्तर सुरू करणाऱ्यांनी हे तीन वेळा वाचावे. मनीच्या मृत्यूचा आणि अजिंठ्याचा भाग अवतरण चिन्हांत घालण्याचा आग्रह धरू नये. अर्धवट आठवलेले वाक्य अवतरणात लिहिण्यापेक्षा प्रसंग आपल्या शब्दांत अचूक सांगितलेला बरा.

रूपाच्या प्रश्नासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत: रोजनिशीच्या स्वरूपात लिहिलेला भाग आणि पांडुरंग व सुरेश यांच्या आयुष्याकडे भविष्यातल्या इतिहाससंशोधकाच्या थाटात पाहणारे विडंबन. पाठ्यपुस्तकी इतिहास कसा तयार होतो, याची ती चेष्टा आहे. कालानुक्रमाने सरळ जाणाऱ्या, घटनाप्रधान कादंबरीची अपेक्षा या दोन भागांत मोडते, असे लिहिल्यास ‘प्रयोगशीलता’ या मोघम शब्दाला काही अर्थ राहतो.

दोन सावधगिरीच्या नोंदी

‘बिढार’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ यांचा नायक चांगदेव पाटील आहे. पांडुरंगाला त्या कादंबऱ्यांत ओढू नये. तसेच सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी तुलना समीक्षेत वारंवार आली आहे. ती करायची असल्यास दोघेही निवेदक मोठ्यांच्या ढोंगाला कंटाळलेले तरुण आहेत आणि दोघांनीही लहान भावंड गमावले आहे, एवढे साम्य नोंदवून लगेच फरकाकडे वळावे. होल्डन शाळा सोडून न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकतो. पांडुरंगाला परतायला गाव आहे, आणि त्याची कोंडी नेमकी तिथूनच आकार घेते.

रविवारी दुपारी वाचनालयात बसू, तेव्हा प्रत्येकाने वडिलांविषयीच्या दोनपैकी एका वाचनावर दीड पान लिहून आणावे. यावलच्या मंडळींनी गावाचे वर्णन कादंबरीतलेच द्यावे, आपल्या आठवणीतले नको.