मुक्ताचा कवडसा

मे महिन्याची सुट्टी लागली की मुक्ता वाईला आजीकडे. घर कृष्णेच्या काठावर, जुनं, आणि माळ्यावर पत्र्याचं छप्पर, दुपारी तिथे एवढं तापतं की कुणी फिरकत नाही, म्हणून तर मुक्ताला ती जागा भारी आवडायची.

त्या दिवशी तिने माळ्यावरची ट्रंक उघडली, तर फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या तीन कांड्या! बोटभर लांब, तीन बाजूंच्या, वरच्या टोकाला तारेची कडी.

"आजी, हे काय गं?"

"अगंबाई, झुंबराचे लोलक! झुंबर कधीच फुटलं, एवढेच राहिले बघ. खेळ हवं तर, पण काचेतून सूर्याकडे बघायचं नाही हां, डोळे जातील."

मुक्ता लोलक घेऊन परत वर. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून कवडसा आत यायचा, सरळ तिरकी काठी ठेवल्यासारखा, आणि त्यात धुळीचे कण नाचत असायचे. जमिनीवर पांढरा गोल ठिपका. तिने सहज कांडी त्या कवडशात धरली, थोडी फिरवली, आणि ठिपका गायब! इकडे बघते तिकडे बघते, तर समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रंगच रंग.

तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा.

"तानापिहिनिपाजा!" ती एवढ्या जोरात ओरडली की खालून ओमदादा धावत आला.

दादा सातवीत, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. "हॅ, त्यात काय, काचेतच रंग भरलेत. पांढरा उजेड आत जातो, रंगून बाहेर येतो. खिडकीच्या हिरव्या काचेतून नाही का हिरवा उजेड पडत?"

मुक्ताने कांडी डोळ्याजवळ धरून बघितली. कुठे रंगाचा थेंब नाही, पाण्यासारखी स्वच्छ काच. आणि अजून एक गंमत तिच्या लक्षात आली, भोक गोल, ठिपका गोल, मग भिंतीवरचा पट्टा असा काकडीसारखा लांबट का? कुणीतरी ओढून ताणल्यासारखा?

ती विचार करत बसली. मग म्हणाली, "दादा, काच रंग देते ना? मग तांबड्या उजेडाला दुसऱ्या काचेत घातलं तर अजून रंग यायला पाहिजेत."

"येणारच."

तिने वहीच्या पुठ्ठ्याला फट पाडली आणि पट्ट्याच्या वाटेत अशी धरली की फक्त तांबडा रंग पलीकडे जाईल, बाकीचे सगळे पुठ्ठ्यावर अडकले. त्या तांबड्या उजेडात दादाने दुसरी कांडी धरली, दोघांनी श्वास रोखून भिंतीकडे बघितलं.

तांबडाच. वाकडा झाला, बाजूला सरकला, पण तांबडाच राहिला. जांभळा सोडून बघितला, तो तांबड्यापेक्षा जास्त वळला, पण तोही जांभळाच.

दादा गप्प. मुक्ताच्या अंगावर मात्र काटा आला. "दादा, काच काहीच देत नाहीये रे. रंग कवडशातच आहेत. काच फक्त प्रत्येकाला कमी-जास्त वळवते, म्हणून ते पसरतात, म्हणून पट्टा लांबट!"

"मग परत एकत्र करून दाखव," दादा हट्टाने म्हणाला.

आता आली का पंचाईत! पण मुक्ता खाली पळाली आणि आजोबांचं पेपर वाचायचं मोठं भिंग घेऊन आली. लोलकातून निघणारे सगळे रंग भिंगातून जाऊ दिले, समोर कोरा कागद धरला, कागद पुढे, मागे, अजून थोडा मागे, रंग एकमेकांच्या जवळ यायला लागले, आणि एका जागी कागदावर टपोरा पांढरा ठिपका! अगदी जमिनीवर होता तसा. कागद थोडा हलवला की परत रंग.

भिंग शोधत आजोबा जिना चढून आले होते आणि दारातच थांबले होते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे.

"1666 मध्ये न्यूटन नावाच्या माणसाने खोलीत अंधार करून, खिडकीच्या झडपेला भोक पाडून हेच सुरू केलं," ते म्हणाले, "तेव्हाही लोकांना वाटायचं काचच उजेड रंगवते. त्यानेही दुसरा लोलक लावून बघितला होता."

"त्याला पण दादा होता का?"

आजोबा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

तेवढ्यात कवडसा सरकला, लोलकावरून खाली उतरला आणि भिंतीवरचे रंग विझले. मुक्ताने लोलक उचलून परत उजेडात धरला, कोन चुकला, पुन्हा फिरवला, आणि या वेळी रंग पडले ते थेट आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर, गुडघ्यापाशी तांबडा, पावलापाशी जांभळा.

"हलू नका हं आजोबा," ती म्हणाली, "मी मोजतेय."